पाने वाटावीत, निर्णय वाटू नयेत
(जुन्या पर्जन्यतक्त्यांच्या संगणकीकरणासाठी तयार केलेल्या पुस्तिकेची प्रस्तावना)

मार्च 2020 मध्ये, ब्रिटनमध्ये टाळेबंदी लागली त्याच आठवड्यात, रीडिंग विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी घरात बसलेल्या लोकांना एक काम दिले. ब्रिटिश हवामान खात्याच्या अभिलेखागारात पावसाच्या जुन्या नोंदींचे सुमारे 65 हजार कागद होते. प्रत्येक कागदावर एका ठिकाणच्या दहा वर्षांच्या पावसाचे मासिक आकडे हाताने लिहिलेले. त्यांतली सर्वांत जुनी नोंद 1677 ची, शेवटची 1960 ची. कागदांची छायाचित्रे तयार होती, पण चित्रातल्या आकड्यांची बेरीज करता येत नाही. कोणीतरी ते वाचून टंकायला हवे होते. ‘झूनिव्हर्स’ या संकेतस्थळावर ‘रेनफॉल रेस्क्यू’ या नावाने काम सुरू झाले. सोळा हजारांहून अधिक लोकांनी हात लावला आणि अवघ्या सोळा दिवसांत सुमारे 52 लाख आकडे टंकून झाले.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. या पुस्तिकेला मात्र त्यापुढच्या काळात रस आहे. टंकून झालेल्या आकड्यांतून तपासलेला, ठिकाणवार लावलेला संच 2022 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात सुमारे 33 लाख नोंदी होत्या. म्हणजे टंकायला लागले सोळा दिवस आणि ते टंकलेले वापरण्याजोगे करायला जवळपास दोन वर्षे. कोणता कागद नेमक्या कोणत्या गावाचा, दोन कागदांवर एकाच पर्जन्यमापकाच्या नोंदी आहेत का, मापक मधेच हलवला होता का, बेरीज जुळत नाही तिथे चूक टंकणाऱ्याची की मूळ लिहिणाऱ्याची, असे प्रश्न एकेक करून सोडवावे लागले. त्यात मूळच्या स्वयंसेवकांपैकीच काही जण शेवटपर्यंत टिकले. त्या चिकाटीमुळे ब्रिटनची अधिकृत मासिक पर्जन्यमालिका 1862 वरून मागे 1836 पर्यंत नेता आली आणि त्या देशातले सर्वांत कोरडे वर्ष 1855 हे ठरले.

आपल्याकडे असे काम निघते ते याच्या शंभराव्या हिश्श्याएवढे असते. एखाद्या जिल्ह्याचे जुने पर्जन्यखंड कोणीतरी स्कॅन करून ठेवलेले असतात आणि पंधरा-वीस जण हौसेने टंकायला तयार होतात. ‘झूनिव्हर्स’सारखी यंत्रणा पाठीशी नसते. एक सामायिक शीट असते आणि एक व्हॉट्सॲप गट. ही पुस्तिका अशा गटांसाठी आहे. तिच्यात सांगितलेले सगळे एका वाक्यात बसते: पाने कितीही जणांत वाटावीत, पण निर्णय वाटू नयेत. पाने वाटली की काम लवकर होते. निर्णय वाटले गेले की वीस जणांनी मिळून एक तक्ता होत नाही, वीस निराळे तक्ते होतात, आणि ते वीस आहेत हे कोणाला कळतही नाही.

निर्णय म्हणजे काय, ते उदाहरणाने सांगतो. भारतातल्या जुन्या पर्जन्यतक्त्यांत पाऊस इंच आणि सेंटमध्ये, म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागापर्यंत, दिलेला असतो. कोरड्या महिन्यांच्या चौकटीत कधी 0.00 छापलेले दिसते, कधी आडवी रेघ, कधी ठिपके, कधी काहीच नाही. रेघेचा अर्थ ‘पाऊस झाला नाही’ असा असू शकतो किंवा ‘नोंद मिळाली नाही’ असाही असू शकतो. एका खंडात एक आणि दुसऱ्या खंडात दुसरा अर्थ असण्याची शक्यताही असते. आता जानेवारीच्या रेघेपुढे एक स्वयंसेवक शून्य लिहितो, कारण जानेवारीत कोकणात पाऊस कुठला. दुसरी चौकट मोकळी सोडते. तिसरा रेघ तशीच ठेवतो. तिघांचेही म्हणणे त्यांच्या परीने बरोबर आहे. पण वर्षभराने कोणी हिवाळी पावसाचा अभ्यास करायला बसले, की त्याला खरे शून्य आणि हरवलेली नोंद वेगळी काढता येत नाही. ती माहिती कागदावर होती, टंकताना पुसली गेली. बेरजेत ही चूक सापडत नाही, कारण शून्य मिळवा की वगळा, बेरीज तीच येते.

म्हणून पहिला संकेत: कागदावर जे आहे तेच टंकायचे, त्याचा अर्थ लावायचा नाही. रेघ असेल तर `D`, चौकट कोरी असेल तर `B`, अंक वाचताच येत नसेल तर `X`, ठिपक्यांसाठी `P`. शून्य फक्त तिथेच, जिथे शून्य छापलेले आहे. कोणतीही चौकट रिकामी ठेवायची नाही, कारण रिकाम्या चौकटीवरून ‘कागद कोरा होता’ की ‘टंकायचे राहिले’ हे कळत नाही. `D` चा अर्थ शून्य धरायचा की नोंद नाही असा, हे सगळा खंड टंकून झाल्यावर, त्या खंडाची मूळ प्रस्तावना आणि तळटीपा वाचून, एकदाच ठरवायचे. तो निर्णय चुकला तरी एका ओळीच्या सूत्राने सगळीकडे बदलता येतो. वीस जणांनी मनात घेतलेला निर्णय असा बदलता येत नाही.

हाच नियम छापील चुकांनाही लागू आहे. जुन्या खंडांत छापलेल्या बेरजा कधी कधी चुकलेल्या असतात, महिन्यांचे आकडे नीट टंकले तरी त्या जुळत नाहीत. काळजीपूर्वक काम करणाऱ्या माणसाला इथे मोह होतो आणि तो बेरीज ‘दुरुस्त’ करतो. ते करू नये. छापील बेरीज छापल्याप्रमाणे टंकावी आणि शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात ‘छापील बेरीज जुळत नाही’ एवढे लिहावे. ती चूक बेरजेत असेल किंवा एखाद्या महिन्याच्या आकड्यात असेल. कशात आहे हे त्या एका पानावरून ठरवता येत नाही, शेजारच्या ठिकाणांचे आकडे किंवा दुसऱ्या खंडातली तीच नोंद पाहावी लागते.

दैनिक तक्त्यांत तर तारखेचाही प्रश्न येतो. ब्रिटनमध्ये सकाळी नऊला मोजलेला पाऊस आदल्या दिवसाच्या नावे लिहायची रीत आहे. भारतात सकाळी मोजलेला पाऊस मोजणीच्या दिवशीच लिहिला जातो. म्हणजे 1 जुलैच्या सकाळी मापकात सापडलेले पाणी ब्रिटिश तक्त्यात जूनचे आणि भारतीय तक्त्यात जुलैचे. दोन्ही पद्धती ठाऊक असलेला एखादा जाणकार स्वयंसेवक उत्साहाने तारखा सरकवू लागला, तर त्याच्या गठ्ठ्यापुरत्या महिन्यांच्या सीमा हलतील आणि बाकीच्यांच्या तशाच राहतील. जाणकारांना हा संकेत जास्त आवर्जून सांगावा लागतो.

संकेत मोजके असावेत. पुस्तिकेच्या पहिल्या भागात ते एका पानावर बसवले आहेत, कारण दुसरे पान कोणी उलटत नाही. त्यांतला आणखी एकच इथे सांगतो. टंकताना तक्त्याचा आकार कागदासारखाच ठेवावा: ओळीला ओळ, रकान्याला रकाना, महिने ज्या क्रमाने छापले आहेत त्याच क्रमाने, शेवटी छापील बेरीज. संगणकाला सोयीची मांडणी वेगळी असते हे खरे, त्याला प्रत्येक महिन्याची वेगळी ओळ आवडते. पण ती मांडणी नंतर सूत्राने मिनिटभरात करता येते. डोळ्यांनी ताडून पाहणाऱ्या माणसाला मात्र डावीकडचे चित्र आणि उजवीकडचा तक्ता सारखाच दिसला पाहिजे. चौकटींचे स्वरूप आधीच दोन दशांश स्थळांचे ठरवून ठेवावे आणि अंक इंग्रजी कळफलकावरूनच टंकावेत. मराठी कळफलकावरून टंकलेला अंक शीट मजकूर समजू शकते, आणि बेरजेचे सूत्र मजकूर गुपचूप वगळते, तक्रार करत नाही.

आता वाटपाकडे येऊ. ‘रेनफॉल रेस्क्यू’मध्ये एका माणसाला एका वेळी मिळणारे काम अगदी लहान होते. एका कागदावरचे एका वर्षाचे बारा आकडे आणि त्यांची बेरीज, एवढेच. तेच वर्ष एकाहून अधिक जणांपुढे ठेवले जाई आणि त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले जात. सोळा हजार लोक असले की हे परवडते. पंधरा जणांच्या गटाला सगळे काम दोनदा टंकणे बहुधा परवडत नाही आणि बारा-बारा आकड्यांचे तुकडे करून वाटणेही जमत नाही, कारण वाटणाराच दमून जातो. आमचा अनुभव असा, की गठ्ठा एका-दोन बैठकींत संपेल एवढा असावा. दहा ओळींची वीस पाने हा नवख्यासाठी मोठा गठ्ठा आहे, सरावलेल्याला ठीक. नवख्याला आधी पाचच पाने द्यावीत, ती पूर्ण तपासावीत आणि मगच पुढचा गठ्ठा द्यावा. पहिल्या पाच पानांत संकेत चुकीचा समजला असेल तर ती चूक पाच पानांवरच थांबते.

गठ्ठा कोणाकडे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे हे सांगणारी ट्रॅकिंग शीट आकड्यांच्या शीटपासून वेगळी असावी. एका गठ्ठ्याला एकच ओळ. त्या ओळीत गठ्ठ्याचा क्रमांक, पहिल्या आणि शेवटच्या चित्राचा क्रमांक, त्या चित्रांवरचे छापील पृष्ठांक, कोणी घेतला, कधी घेतला, अवस्था, कोणी तपासला आणि शेरा. चित्राचा क्रमांक आणि छापील पृष्ठांक हे दोन्ही लिहिणे आग्रहाने सांगतो. स्कॅन करताना एखादे पान दोनदा घेतले जाते, एखादे सुटते, मधे नकाशा येतो, आणि तिथून पुढे दोन्ही क्रमांकांतला फरक बदलतो. फक्त एकच क्रमांक लिहिला तर सुटलेले पान सुटलेलेच राहते. दोन्ही लिहिले तर फरक ज्या ओळीत बदलला तिथेच काहीतरी झाले आहे हे शीटच दाखवते.

अवस्था पाचच असाव्यात: मोकळा, घेतला, टंकला, तपासला, बंद. त्या मोकळ्या हाताने लिहू देऊ नयेत, यादीतून निवडायला लावाव्यात. नाहीतर ‘झाले’, ‘पूर्ण’, ‘जवळजवळ झाले’, ‘सांगलीला जाऊन आल्यावर करते’ अशी भर पडत जाते आणि किती गठ्ठे उरले हे मोजता येत नाही. ‘टंकला’ आणि ‘तपासला’ या दोन अवस्था एकाच माणसाच्या नावाने भरल्या जाणार नाहीत, हाही नियम असावा.

ट्रॅकिंग शीटचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे घेतलेला गठ्ठा परत घेणे. स्वयंसेवी कामात माणसे येतात आणि न सांगता जातात, त्यात वाईट काही नाही. पण त्यांच्या नावावर अडकलेला गठ्ठा दुसरा कोणी संकोचाने उचलत नाही. शेवटी ऐंशी टक्के काम झालेले आणि उरलेले वीस टक्के कोणाच्या तरी नावावर, असे चित्र दिसते. यावर उपाय आधीच ठरवलेला असावा: गठ्ठा घेतल्यापासून चौदा दिवसांत शीटवर काहीच हालचाल नसेल तर तो आपोआप मोकळा. हे पहिल्याच दिवशी सर्वांना सांगितले की नंतर कोणाला फोन करून विचारावे लागत नाही आणि कोणाला अपराधी वाटत नाही. अर्धवट टंकलेली पाने फेकायची नाहीत. ती पुढच्याला द्यायची, मात्र पुढच्याने ती नव्याने टंकायची आणि दोन्ही ताडून पाहायची. फुकट मिळालेले दुहेरी टंकन सोडू नये.

आणखी एक गोष्ट ट्रॅकिंग शीटवरच लक्षात येते. माणसे स्वच्छ छपाईची पाने आधी उचलतात. वाळवी लागलेली, शाई पसरलेली, बांधणीत आत गेलेली पाने मागे राहतात. त्यामुळे पहिल्या महिन्याच्या वेगावरून शेवटची तारीख सांगितली तर ती चुकतेच. यासाठी गठ्ठे करतानाच अवघड पाने सगळ्या गठ्ठ्यांत विखरून टाकावीत, किंवा त्यांचा वेगळा ढीग करून तो सरावलेल्या दोघा-तिघांना द्यावा. दुसरा मार्ग बरा, कारण पुसट अंक वाचण्याला त्या छापखान्याच्या अंकांची ओळख लागते. 3 आणि 8, 1 आणि 7, 5 आणि 6 यांत फरक कसा करायचा हे त्याच खंडातली स्वच्छ पाने बरीच पाहिल्यावर कळते.

आता तपासणी. इथे दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. एक यंत्राने प्रत्येक ओळीवर करायची तपासणी, दुसरी माणसाने काही निवडक ओळींवर करायची. यंत्राची आधी.

पर्जन्यतक्त्यात छापील वार्षिक बेरीज असते ही आपल्या पदरात पडलेली देणगी आहे. बारा महिने D ते O या रकान्यांत आणि छापील बेरीज P मध्ये असेल तर Q मध्ये हे सूत्र लिहावे:

```
=ROUND(SUM(D2:O2)-P2,2)
```

`ROUND` हवेच, नाहीतर संगणक दशांश अपूर्णांक ज्या पद्धतीने साठवतो त्यामुळे बरोबर बेरजेतही कुठेतरी दूरच्या स्थळी फरक दिसतो. `D` किंवा `B` ही अक्षरे `SUM` वगळते, म्हणून ती चौकटीत असली तरी सूत्र चालते. उत्तर शून्य आले नाही ती ओळ पुन्हा पाहायची.

ती कशी पाहायची, ते एका ओळीवरून पाहू. ही ओळ समजावण्यासाठी मीच रचलेली आहे, कुठल्याही गावाची नाही. जानेवारीत रेघ, फेब्रुवारी आणि मार्च शून्य, मग एप्रिल 0.14, मे 1.32, जून 28.47, जुलै 41.06, ऑगस्ट 26.93, सप्टेंबर 13.58, ऑक्टोबर 4.12, नोव्हेंबर 0.75, डिसेंबर शून्य, आणि छापील बेरीज 116.37. टंकणाऱ्याने ऑगस्टचे 26.93 हे 26.39 असे लिहिले. सूत्र उणे 0.54 दाखवते. शेजारचे दोन अंक उलटे झाले की पडणारा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो. 54 म्हणजे नऊ सख्खे, म्हणून ज्या चौकटीत शेवटच्या दोन अंकांत सहाचा फरक आहे आणि दुसरा अंक मोठा आहे, तिथे आधी पाहायचे. या ओळीत अशा दोनच चौकटी आहेत, 41.06 आणि 26.39. बारा चौकटींऐवजी दोन पाहून काम झाले. फरक नऊच्या पटीत नसेल तर बहुधा एखादा अंक चुकीचा वाचला गेला आहे: 0.05 फरक असेल तर शतांश स्थळी 3 आणि 8 यांची, 0.50 असेल तर दशांश स्थळी तशीच गल्लत. फरक एखाद्या महिन्याच्या आकड्याएवढाच असेल तर तो महिना सुटला आहे.

पण बेरजेवर विसंबून राहता येत नाही, कारण तिला न दिसणारी एक चूक फार सहज होते. डोळा एका चौकटीने घसरतो आणि जूनचा पाऊस मेमध्ये, जुलैचा जूनमध्ये लिहिला जातो. आकडे तेच, बेरीज तीच, फरक शून्य. तसेच ओळ घसरली तर एका वर्षाचा सगळा पाऊस बेरजेसकट दुसऱ्या वर्षाच्या नावे जातो आणि सूत्र पुन्हा शून्यच दाखवते. महिने घसरले असतील तर पाऊसच मदतीला येतो. कोकणातल्या ठिकाणी मेमध्ये अठ्ठावीस इंच आणि सप्टेंबरमध्ये चार इंच दिसले की शंका घ्यावी. महिन्यानुसार उतरता क्रम लावून टोकाचे आकडे पाहिले तरी अशा ओळी वर येतात. वर्षे घसरली असतील तर मात्र आकड्यांवर नजर टाकून काही दिसत नाही. ती चूक माणसाच्या तपासणीतच सापडते, आणि म्हणूनच ती तपासणी यंत्राने मान्य केलेल्या ओळींवरही करावी लागते.

ही माणसाची तपासणी म्हणजे नमुना तपासणी. तिचा पहिला नियम असा, की ओळी तपासणाऱ्याने निवडू नयेत. माणूस पानाच्या वरच्या ओळी निवडतो आणि टंकणारा थकतो खालच्या ओळींत. `=RANDBETWEEN(1,200)` ने ओळींचे क्रमांक काढावेत आणि लगेच ते साध्या आकड्यांत चिकटवून ठेवावेत, कारण शीटमध्ये काहीही बदलले की हे सूत्र नवे क्रमांक देते. दुसरा नियम: टंकलेला आकडा पाहत ‘बरोबर आहे ना’ असे विचारू नये. तसे विचारले की डोळा हो म्हणतो. निवडलेल्या ओळी कोऱ्या शीटवर चित्र पाहून नव्याने टंकाव्यात आणि मग दोन्ही एकमेकांतून वजा कराव्यात. वेळ थोडा जास्त लागतो, पण मिळणारे उत्तर खरे असते.

किती ओळी पाहायच्या? दोनशे ओळींच्या गठ्ठ्यात वीस ओळी पाहिल्या, प्रत्येकीत बारा महिने आणि बेरीज मिळून तेरा चौकटी, तर 260 चौकटी झाल्या. त्यांत एकही चूक सापडली नाही, म्हणजे गठ्ठा निर्दोष आहे का? नाही. संख्याशास्त्रातला एक सोपा ठोकताळा आहे: तपासलेल्या संख्येने तीनला भागा. येणारे उत्तर हे चुकांच्या प्रमाणाची वरची मर्यादा आहे, असे साधारण पंचाण्णव टक्के खात्रीने म्हणता येते. 3 भागिले 260 म्हणजे सव्वा टक्क्याच्या आत. गठ्ठ्यात एकूण 2600 चौकटी आहेत, तेव्हा तपासणी स्वच्छ निघाली तरी तीसेक चुका दडलेल्या असू शकतात. त्याच व्यक्तीचे पाच गठ्ठे असेच स्वच्छ निघाले तर 1300 चौकटी होतात आणि मर्यादा पाव टक्क्याच्या खाली येते. म्हणून तपासणीचा हिशेब गठ्ठ्यागणिक ठेवावा तसा माणसागणिकही ठेवावा. सातत्याने स्वच्छ काम करणाऱ्याच्या कमी ओळी पाहून वाचलेला वेळ नवख्यांच्या गठ्ठ्यांना देता येतो.

या ठोकताळ्याची मर्यादाही सांगायला हवी. चुका पावसाच्या थेंबांसारख्या सुट्या पडतात असे तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात घसरलेल्या ओळीत तेराच्या तेरा चौकटी एकदम चुकतात. म्हणून सुट्या चौकटी न निवडता ओळी निवडायच्या, त्या गठ्ठाभर पसरलेल्या असाव्यात, आणि टक्केवारी सांगताना चुकलेल्या ओळी वेगळ्या मोजाव्यात. काटेकोरपणे पाहिले तर अशा चुकांसाठी आपण 260 चौकटी नव्हे, वीस ओळी तपासल्या आहेत. वीसपैकी एकही घसरलेली निघाली नाही तरी पंधरा टक्क्यांची वरची मर्यादा शिल्लक राहते. त्यामुळे प्रत्येक ओळीवरचे वर्ष आणि ठिकाण चित्राशी ताडून पाहण्याचे काम नमुन्यावर सोडू नये. ते सगळ्या ओळींसाठी करावे, त्याला फार वेळ लागत नाही.

तपासणीत चुका सापडल्या तर किती सापडल्या यापेक्षा कोणत्या जातीच्या सापडल्या हे आधी पाहावे. चुका विखुरलेल्या असतील, इथे 3 चा 8 आणि तिथे एक शून्य राहिलेले, तर टंकणारा घाईत आहे किंवा चित्र पुसट आहे. त्या गठ्ठ्याचे दुहेरी टंकन करून घ्यावे. चुका एकाच जातीच्या असतील, म्हणजे प्रत्येक रेघेच्या जागी शून्य, तर संकेत नीट पोचलेला नाही. तिथे सगळे पुन्हा टंकण्याची गरज नाही, फक्त शून्ये चित्राशी ताडून पाहावीत. आणि तीच चूक दोघा-तिघांच्या गठ्ठ्यांत दिसली तर दोष त्यांचा नाही, संकेताच्या वाक्याचा आहे. वाक्य बदलावे, त्याला तारीख घालावी आणि त्या तारखेआधीचे सगळे गठ्ठे त्या एका मुद्द्यापुरते पुन्हा पाहावेत. ट्रॅकिंग शीटमध्ये ‘कधी घेतला’ हा रकाना असतो तो यासाठीच.

पुस्तिकेचे तीन भाग आहेत. पहिल्यात एका पानाचे संकेत आणि प्रत्येक संकेताशेजारी छापील नमुना कसा दिसतो व तो कसा टंकायचा याची चित्रे. दुसऱ्यात ट्रॅकिंग शीटचा कोरा नमुना, अवस्थांची यादी आणि गठ्ठे पाडण्याची पद्धत. तिसऱ्यात यंत्राची तपासणी आणि नमुना तपासणी, वर दिलेली ओळ घेऊन पायरीपायरीने. उदाहरणे पावसाची असली तरी जनगणनेचे, पिकांच्या क्षेत्राचे किंवा बाजारभावाचे तक्ते घेणाऱ्यांना पहिल्या भागातले थोडेच बदलावे लागेल. फक्त त्यांनी आधी एक गोष्ट पाहून घ्यावी: आपल्या तक्त्यात पावसासारखी छापील बेरीज आहे की नाही. बाजारभावांना बेरीज नसते. तिथे यंत्राची तपासणी हाताशी नाही, म्हणून दुहेरी टंकनाचा खर्च सुरुवातीलाच धरावा लागेल.

काम हाती घेणाऱ्या गटांना एक विनंती आहे. शेवटी प्रसिद्ध कराल तेव्हा फक्त स्वच्छ केलेला तक्ता देऊ नका. जसे टंकले तसे मूळ तक्ते, संकेतांचे पान त्याच्या तारखांसह, ट्रॅकिंग शीट माणसांची नावे काढून, आणि नमुना तपासणीत किती ओळी पाहिल्या व किती चुकल्या याचे आकडे, हे सगळे सोबत ठेवा. चुका तुमच्या तक्त्यात राहणारच. त्या शोधणाऱ्याला चित्र क्रमांकापर्यंत परत जाता आले पाहिजे, एवढे जरूर करा.